तिजोरीत पैसे कमी निघाले, तर विमा कंपनीला पहिलं पत्र कधी लिहायचं?



आपल्या संघाच्या कार्यालयात पगारी रोखपाल असते. तिच्या हातून रोज गटांचे हप्ते जातात, म्हणून बऱ्याच संघांनी ‘फिडेलिटी गॅरंटी’ पॉलिसी घेतलेली आहे. कर्मचाऱ्याने अप्रामाणिकपणे पैसे घेतले आणि संघाचं थेट नुकसान झालं, तर ते ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरून देणारा हा विमा. हप्ता दरवर्षी जातो, कागद कपाटात राहतो. तो उघडायची वेळ आली तेव्हा काय काय झालं, ते सांगते. गाव आणि नाव सांगत नाही.

ऑडिटर आले त्या दिवशी कीर्दीप्रमाणे रोख शिल्लक ३८,४०० रुपये हवी होती. मोजली तर ६,१५० भरली. तूट ३२,२५० रुपयांची. रोखपाल गप्प बसली. मग पावती पुस्तकं काढली आणि एकेक स्थळप्रत कीर्दीशी ताडून बघितली. ११ पावत्या अशा निघाल्या की पैसे घेतलेत, पावती दिलीय, पण कीर्दीत नोंदच नाही. त्यांची बेरीज ५४,२०० रुपये. ही रक्कम कीर्दीत आलीच नव्हती, म्हणून ती रोख मोजून कधीच सापडली नसती. ज्या बायकांनी ते हप्ते भरले होते, त्यांची नावं मात्र थकबाकीच्या यादीत होती. त्यातल्या एकीला वसुलीसाठी मीच दोनदा फोन केला होता.

संध्याकाळी कार्यकारिणी बसली. अध्यक्षताई म्हणाल्या, “आपलीच पोरगी आहे. महिन्याभरात भरते म्हणतेय. कशाला बोभाटा करायचा?” बहुतेकींना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. समाजकार्याच्या पदवीत विम्याचं कलम कुणी शिकवत नाही. सचिवताईंनी मात्र पॉलिसी मागवली आणि आम्ही ती पहिल्यांदा पूर्ण वाचली.

त्यात अट स्पष्ट होती. अप्रामाणिकपणा कळला, किंवा तसा संशय यायला सबळ कारण मिळालं, की कंपनीला ताबडतोब कळवायचं. आकडा पक्का झाल्यावर, ऑडिटचा अंतिम अहवाल आल्यावर किंवा पोलिसांत तक्रार दिल्यावर नव्हे. मुदत संशयाच्या दिवसापासून मोजली जाते, आणि आमच्यासाठी तो दिवस रोख मोजली तोच होता. महिनाभर वाट पाहिली असती, तर ‘उशिरा कळवलं’ म्हणायला कंपनीला कारण मिळालं असतं.

दुसरी अटही महत्त्वाची आहे. गडबड कळल्यानंतर त्याच व्यक्तीच्या हातून पुढे जे नुकसान होईल ते विम्यात बसत नाही. म्हणून त्याच बैठकीत ठराव करून तिच्याकडून किल्ली, पावती पुस्तकं आणि कीर्द काढून घेतली, दोघींच्या सह्यांनी यादी केली. तिला ओरडून, कोंडून काही लिहून घेतलं नाही. तिला जे सांगायचं होतं ते तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. असं लिहून घ्यायचं असेल तर घाईनं, धाकानं घेऊ नका, ते पुढे टिकत नाही.

पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. मजकूर साधारण असा होता:

“आमच्या संघाची फिडेलिटी गॅरंटी पॉलिसी क्रमांक अमुक आहे. तमुक तारखेला लेखापरीक्षणात रोखपाल पदावरील कर्मचाऱ्याच्या ताब्यातील रोख रकमेत ३२,२५० रुपयांची तूट आढळली. तसेच काही पावत्यांची नोंद कीर्दीत नसल्याचे दिसते. कर्मचाऱ्याच्या अप्रामाणिक कृत्यामुळे नुकसान झाल्याचा आम्हाला संशय आहे. रक्कम प्राथमिक असून तपासणी चालू आहे, ती वाढू अथवा कमी होऊ शकते. संबंधित कर्मचाऱ्यास रोख व्यवहारातून दूर केले आहे. सर्व नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. दाव्याचा अर्ज पाठवावा.”

यात ‘चोरी केली’ असं कुठंही नाही, ते ठरवणं आपलं काम नाही. पण ‘संशय’ हा शब्द आहे आणि तारीख आहे. नुसतं ‘हिशोबात फरक दिसतो’ एवढंच लिहिलं असतं तर ती सूचना धरली जाईलच असं नाही, कारण हिशोबातली चूक हा विमा भरून देत नाही. पत्र शाखेत नेऊन दिलं, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली, शिवाय ईमेलही केला. पॉलिसी काढून देणाऱ्या एजंटला फोन करणं म्हणजे कंपनीला कळवणं नव्हे.

तीन दिवसांनी तिचे वडील १०,००० रुपये घेऊन आले. सोबत स्टँप पेपर होता, त्यावर ‘यापुढे संघाची काही तक्रार नाही’ असं लिहिलेलं. पैसे घेतले, रीतसर पावती दिली. स्टँप पेपरवर सही केली नाही. दाव्याचे पैसे दिल्यावर ते त्या व्यक्तीकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. तो आपण परस्पर सोडून दिला, तर दावाच अडतो.

पोलिसांतही तक्रार द्यावी लागली, कंपनीनं तिची प्रत मागितली. नोकरानं सोपवलेल्या पैशाचा अपहार केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(४) लागतं. हा भाग सगळ्यात जड गेला. तिची आई आमच्याच एका गटात आहे.

मग सर्व्हेअर आले आणि आकडा खाली येत गेला. तुटीतले ४,५०० रुपये एका खऱ्या खर्चाचे होते, व्हाउचर फाईलमध्ये होतं, कीर्दीत लिहायचं राहिलं होतं. ती चूक होती, म्हणून वगळली. उरले २७,७५०. अकरापैकी दोन पावत्या, ७,००० रुपयांच्या, पॉलिसी सुरू होण्याआधीच्या निघाल्या. त्या गेल्या, उरले ४७,२००. दोन्ही मिळून ७४,९५०. तिचा ९,००० पगार आपल्याकडे देणं होता, तो वजा. परत आलेले १०,००० वजा. दावा ५५,९५० रुपयांवर आला.

त्या बायकांच्या खात्यांचं काम विम्यासाठी थांबवलं नाही. स्थळप्रतींवरून सगळ्या अकरा हप्त्यांची नोंद त्याच आठवड्यात करून थकबाकी दुरुस्त केली. पावती संघाची होती, म्हणून जबाबदारीही संघाची. कंपनी पैसे देते की नाही याच्याशी त्या बायकांचा संबंध नाही.

दावा एका जागी अडकला. पॉलिसी घेताना प्रस्ताव अर्जात ‘दर महिन्याला दोन पदाधिकारी रोख मोजून सही करतात’ असं लिहून दिलं होतं. सर्व्हेअरनी ती वही मागितली. ऑक्टोबर ते जानेवारी चार पानं कोरी होती. लिहून दिलेली तपासणी केली नाही, तर कंपनी दावा नाकारू शकते. आम्ही कोऱ्या पानांवर मागाहून सह्या केल्या नाहीत (एकीनं तसं सुचवलं होतं). त्या महिन्यांत मोजणी झाली नाही, असं खरंच लिहून दिलं आणि बँकेत भरणा केलेल्या स्लिपा जोडल्या. उत्तर अजून यायचंय.

आणखी एक, कारण प्रत्येक बैठकीत हा प्रश्न येतो. गटाची कोषाध्यक्ष बिनपगारी असते, ती कर्मचारी नाही. तिच्या हातची तूट या पॉलिसीत बसत नाही, तसं पॉलिसीत वेगळं लिहून घेतलं असेल तरच बसते. तुमच्या पॉलिसीसोबत प्रस्ताव अर्जाची प्रत आहे का, तेही बघा. नसेल तर शाखेकडे लेखी मागा. तुमच्या संघानं काय काय करतो म्हणून लिहून दिलंय, ते त्यातच आहे.