लाल न दिसण्याचे दोन प्रकार

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकचे नामवंत नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस ठामपणे सांगत होते, की मधमाशीला रंग दिसतच नाहीत. त्यांचा पुरावाही भक्कम वाटे. अंधाऱ्या खोलीत माश्यांसमोर इंद्रधनुष्यासारखा रंगपट्टा टाकला, की त्या हिरव्या-पिवळ्याच्या आसपास, म्हणजे रंगांधळ्या माणसाला जिथे सर्वांत जास्त उजेड जाणवतो त्या भागाकडे झेपावत. तरुण प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना हे पटेना. फुलांनी इतके रंग मग कोणासाठी धारण केले, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांनी टेबलावर निळा कागद ठेवला आणि त्यावरच्या काचेच्या वाटीत साखरपाणी दिलं. माश्या तिथे येऊ लागल्या. पण एवढ्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. रंगांधळ्या माशीलाही निळा कागद एका ठरावीक गडदपणाचा करडा दिसेल आणि तो गडदपणा ती लक्षात ठेवेल. म्हणून फ्रिशनी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या अनेक छटांचे कागद शेजारी शेजारी मांडले आणि त्यांत कुठेतरी निळा ठेवला. माशीला केवळ उजेड-अंधार कळत असेल, तर यातला एखादा करडा तिला निळ्यासारखाच दिसायला हवा आणि तिने फसायला हवं. चाचणीच्या वेळी कागद नवे होते, वाट्या रिकाम्या होत्या आणि निळ्याची जागा सारखी बदलली जात होती. वासाची शंका उरू नये म्हणून कागदांवर काचही ठेवून पाहिली. तरी माश्या निळ्यावरच उतरल्या.

हेस यांनी जे पाहिलं तेही खोटं नव्हतं. कोंडलेली, घाबरलेली माशी सुटकेसाठी उजेडाकडे धावते, तेव्हा ती रंगाकडे पाहत नाही. अन्न शोधणारी माशी मात्र रंगच पाहते. प्राण्याला प्रश्न कोणत्या वेळी विचारला, यावर उत्तर बदलतं.

पुढे लाल रंगाची पाळी आली आणि तिथे माश्या फसल्या. लाल कागदाची सवय लावलेल्या माश्या गडद करड्या आणि काळ्या कागदांवरही तितक्याच विश्वासाने उतरू लागल्या. फ्रिश यांचे हे प्रयोग १९१४ साली प्रसिद्ध झाले. नंतर आल्फ्रेड क्यून यांनी दुसरं टोक तपासलं. जांभळ्याच्या पलीकडच्या अतिनील प्रकाशाचीही सवय माश्यांना लावता येते आणि त्या त्याला वेगळा रंग म्हणून ओळखतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार आहेत, तसेच माशीच्याही डोळ्यांत तीन आहेत. फक्त तिचा संच सरकलेला आहे: अतिनील, निळा आणि हिरवा. लाल प्रकाशाला नीट प्रतिसाद देणारी पेशीच तिच्याकडे नाही.

आपल्याला अतिनील दिसत नाही याचं एक कारण डोळ्याच्या भिंगात आहे. हे भिंग तो प्रकाश बहुतेक गाळून टाकतं. पूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढून टाकत आणि त्याजागी दुसरं बसवत नसत. अशा काही माणसांना अतिनील प्रकाश फिकट निळसर-पांढरा दिसल्याच्या नोंदी आहेत.

आता सूर्यफूल घ्या. बाहेरच्या पाकळ्या आपल्याला टोकापासून देठापर्यंत एकसारख्या पिवळ्या दिसतात. पण अनेक सूर्यफुलांत पाकळीचं टोक अतिनील प्रकाश परतवतं आणि बुडाचा भाग तो शोषून घेतो. त्यामुळे माशीसाठी त्या पाकळीत दोन रंग आहेत आणि मध्यभागी जणू नेमबाजाचं लक्ष्य आखलेलं आहे. अशा फुलांचे निळे-गुलाबी फोटो ‘मधमाशीच्या नजरेतून’ म्हणून फिरतात. त्यातली नक्षी खरी असते, रंग मात्र माणसाने भरलेले असतात. माशी दोन रंगांत फरक करते एवढं प्रयोगातून कळतं. तो रंग तिला कसा वाटतो, हे कोणताही फोटो सांगू शकत नाही.

ही नक्षी फार लांबून दिसते असंही नाही. माशीची नजर भरड असते. अडीच सेंटीमीटर रुंदीचं फूल तिला रंगाने ओळखू येतं ते साधारण दहा सेंटीमीटरवर आल्यावर. त्याआधी, तीसेक सेंटीमीटरपर्यंत, तिला केवळ हिरव्या पेशींच्या आधारे पार्श्वभूमीपासून वेगळा काहीतरी ठिपका जाणवतो.

कुत्र्याचं लाल न दिसणं याहून अगदी निराळं आहे. १९८९ साली जे नाइट्झ, टिमोथी गाइस्ट आणि जेराल्ड जेकब्स यांनी कुत्र्यांना तीन उजळलेल्या फलकांपैकी वेगळ्या रंगाच्या फलकाला नाक लावायला शिकवलं. बरोबर ओळखलं की खाऊ. त्यातून दिसलं, की कुत्र्याच्या डोळ्यांत रंगपेशींचे दोनच प्रकार आहेत. एक निळ्या-जांभळ्यासाठी आणि दुसरा हिरव्या-पिवळ्याच्या पट्ट्यासाठी. लाल प्रकाश या दुसऱ्या पेशीला कमी प्रमाणात का होईना, जाणवतो. म्हणजे प्रकाश पोहोचतो, पण तो लाल आहे की हिरवा, हे ठरवायला तुलनेसाठी तिसरी पेशी नाही. म्हणून हिरवळीवर टाकलेला लाल चेंडू कुत्रा रंगावरून शोधू शकत नाही. तो चेंडूच्या हालचालीवर आणि वासावर विसंबतो. निळा चेंडू मात्र त्याला लगेच दिसतो. घरच्या कुत्र्यासाठी खेळणं घेताना हे लक्षात ठेवावं, कारण दुकानातली बरीच खेळणी मालकाच्या डोळ्यांसाठी लाल केलेली असतात.

कुत्र्याकडे दोनच पेशी का, याचं कारण सस्तन प्राण्यांच्या इतिहासात आहे. डायनासोरांच्या काळात आपले पूर्वज रात्री वावरत. अंधारात रंगाचा उपयोग थोडा, त्यामुळे मूळच्या चार प्रकारांपैकी दोन लोप पावले. माकडांच्या आणि आपल्या वंशात एका पेशीचं जनुक दुणावून तिसरा प्रकार पुन्हा तयार झाला. कुत्र्यांच्या वंशात तसं घडलं नाही. पक्ष्यांनी मात्र चारही प्रकार टिकवले. त्यांना लाल दिसतो आणि चौथ्या पेशीमुळे जांभळ्यापलीकडचंही दिसतं. सगळ्या पक्ष्यांची ही चौथी पेशी सारखी नसते. पोपट आणि बऱ्याच लहान गाणाऱ्या पक्ष्यांत ती थेट अतिनीलसाठी असते, तर मोरात ती जांभळ्याकडे झुकलेली असते.

आपल्याकडे माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, तेव्हा शिंजीर, मैना, बुलबुल या फुलांवर तुटून पडतात. पक्ष्यांच्या भरवशावर असलेली फुलं अनेकदा लाल असतात, कारण तो रंग पक्ष्याला पानांतून ठसठशीत दिसतो आणि माशीच्या नजरेत फारसा भरत नाही. हा नियम काटेकोर नाही. गडद दिसणाऱ्या फुलातही मध असेल तर माशी ते शोधून काढते. शिवाय युरोपातल्या लाल खसखशीच्या फुलांवर माश्या आनंदाने जातात, कारण त्या पाकळ्या अतिनील प्रकाशही परतवतात. माशीला ते फूल लाल नाहीच, ते अतिनील रंगाचं आहे.

पक्ष्यांना चौथ्या पेशीतून खरोखर नवे रंग मिळतात का, याची परीक्षा मेरी कॅसवेल स्टॉडार्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलोराडोच्या डोंगरांत घेतली. २०२० साली ती प्रसिद्ध झाली. रानातल्या हमिंगबर्डना दोन दिव्यांजवळ दोन भांडी दिली. एकात साखरपाणी, दुसऱ्यात साधं पाणी. एक दिवा हिरवा, दुसरा हिरव्यात अतिनील मिसळलेला. माणसाला दोन्ही एकसारखेच हिरवे दिसत. दिव्यांच्या जागा अधूनमधून बदलत, म्हणजे पक्ष्यांना ठिकाण लक्षात ठेवून भागणार नव्हतं. तरी ते योग्य दिव्याकडे वळायला शिकले. मग संशोधकांनी दोन्हीकडे एकाच रंगाचे दिवे लावले, आणि पक्ष्यांना गोड पाणी कुठे आहे ते ओळखता येईना. वासाने किंवा दुसऱ्या कुठल्या खुणेने ते शोधत असते, तर रंग सारखे झाल्यावरही त्यांना ते सापडलं असतं.