आठ गुणांचे उत्तर चार गुणांत बसवताना

बारावीच्या अर्थशास्त्राची लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि वेळ तीन तास. म्हणजे एका गुणाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटे येतात. प्रश्न वाचण्याचा आणि शेवटी नजर फिरवण्याचा वेळ वगळला, तर दोनच. चार गुणांच्या उत्तराला त्यामुळे साधारण आठ मिनिटे मिळतात, पण पाठ केलेले असते ते आठ गुणांचे उत्तर. ते निम्मे कसे करायचे, हे शिकवायचे बहुधा राहून जाते.

‘मागणीचा नियम’ घेऊ. सविस्तर उत्तरात प्रस्तावना असते. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथात हा नियम मांडला, असा उल्लेख असतो. मग नियमाचे विधान, स्पष्टीकरण, मागणीपत्रक, आकृती, गृहीतके आणि अपवाद. चार गुणांसाठी विद्यार्थी हेच पहिल्यापासून लिहू लागतो आणि वेळ संपली की थांबतो. प्रस्तावना पूर्ण होते, मार्शल यांच्यावर चार ओळी होतात, पण उदाहरण उरतच नाही. उत्तर लहान झालेले नसते, अर्धवट राहिलेले असते.

कात्री लावायची ती शेपटाला नव्हे, तर आधी प्रस्तावनेला. पहिले वाक्य नियमाचेच असावे: ‘इतर परिस्थिती स्थिर असताना, वस्तूची किंमत कमी झाली की मागणी वाढते आणि किंमत वाढली की मागणी कमी होते.’ या वाक्यातला एकही शब्द काढू नये. जागा वाचवण्यासाठी सगळ्यात आधी बळी जातो तो ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हा भाग, आणि तो गेला की विधानच चुकते. किंमत उतरली पण त्याच महिन्यात घरातली मिळकतही थांबली, तर मागणी वाढेलच असे नाही.

पुढे मुद्दे. स्वस्त झालेल्या वस्तूची मागणी का वाढते, याची कारणे सविस्तर उत्तरात चार-पाच येतात. इथे दोन पुरेत, मात्र प्रत्येकाला ‘का’ जोडलेला हवा. ‘उत्पन्न परिणाम, पर्यायता परिणाम’ अशी नुसती नावे लिहिली, तर ती समजली आहेत हे तपासणाऱ्याला दिसत नाही. पाच नावांपेक्षा समजावलेली दोन कारणे मला केव्हाही अधिक मोलाची वाटतात. गृहीतकांची यादी गाळता येते, कारण तिचे सार विधानात आलेलेच आहे. अपवाद विचारलेले नसतील तर त्यांचा उल्लेखही नको.

उदाहरण एकच, पण नियमाला चपखल बसणारे. ‘पावसाळ्यात छत्र्यांची मागणी वाढते’ हे वाक्य उत्तरांत सहज येऊन बसते. तिथे किंमत बदललेलीच नाही, बदलली ती परिस्थिती, म्हणजे नेमके जे स्थिर धरायचे तेच. उदाहरण पारखायची खूण सोपी: त्यात दोन किमती आणि दोन नग सापडले पाहिजेत. पाच ओळींच्या मागणीपत्रकाचे काम मग एका वाक्यात होते.

असे जुळवले की चार गुणांचे उत्तर पुढीलप्रमाणे होते:

‘इतर परिस्थिती स्थिर असताना, वस्तूची किंमत कमी झाली की मागणी वाढते आणि किंमत वाढली की मागणी कमी होते. म्हणजे किंमत आणि मागणी यांचा संबंध व्यस्त असतो. किंमत उतरल्यावर ग्राहकाची वास्तव क्रयशक्ती वाढते, म्हणून तो अधिक नग घेऊ शकतो. शिवाय ती वस्तू पर्यायी वस्तूंच्या तुलनेत स्वस्त ठरते, म्हणून ग्राहक तिच्याकडे वळतात. उदा., द्राक्षे १०० रुपये किलो असताना एक कुटुंब आठवड्याला १ किलो घेते, तर ६० रुपयांना २ किलो घेते.’

यासोबत मागणी वक्राची छोटी आकृती काढायला वेळ उरतो. डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेषा आणि दोन्ही अक्षांवर नावे, एवढे पुरते. प्रश्नातच ‘आकृतीच्या साहाय्याने’ असे म्हटले असेल, तर मात्र आकृती गाळता येत नाही. तेव्हा दोनपैकी एक कारण कमी करावे.

हाच नियम दोन गुणांना आला, तर विधान तसेच ठेवून व्यस्त संबंधाचे वाक्य आणि द्राक्षांचे उदाहरण लिहावे. कारणे पूर्ण जातात.

प्रश्न ‘मागणीच्या नियमाचे अपवाद’ असा असेल, तेव्हा हे मोजमाप उलटते. नियमाला एक वाक्य, अपवादांना बाकीची जागा, आणि उदाहरणही द्राक्षांचे नव्हे. गिफेन वस्तूचे घ्यावे: ज्या हलक्या धान्यावर गरीब कुटुंबाचे पोट चालते तेच महागले, तर महाग खाणे परवडेनासे होते आणि ते कुटुंब तेच धान्य आणखी घेते.