पावशेर तूप मागणारा पाहुणा

देहूच्या एका वाण्याला स्वप्न पडलं. गंगास्नानाला जाताना वाटेत एक अनोळखी साधू भेटला, त्यानं मस्तकावर हात ठेवला आणि जेवणासाठी पावशेर तूप मागितलं. ते द्यायचं मात्र राहून गेलं. साधूनं आपलं नाव बाबाजी सांगितलं, ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला आणि तो घाईनं निघून गेला. दिवस होता माघ शुद्ध दशमीचा, गुरुवारचा. हे सारं खुद्द तुकाराम महाराजांनीच एका अभंगात सांगून ठेवलंय.

या आशीर्वादानं दुकानदाराचा एका रात्रीत संत झाला, असं आपण सहज धरून चालतो. पण तुकोबांच्या आत्मपर अभंगातला क्रम वेगळा आहे. त्यात आधी व्यापार येतो, मग आईवडिलांचा मृत्यू, मग दुष्काळ. १६३० च्या सुमाराच्या त्या दुष्काळात पैसा आटला, पत गेली आणि एक पत्नी अन्नावाचून मेली. धंदा बुडाल्याची आपल्याला लाज वाटत होती, हेही ते लपवत नाहीत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. लाज वाटते म्हणजे पैशाचं आणि प्रतिष्ठेचं ओझं अजून मनावर आहे. पैसा गेला म्हणून त्याची ओढ गेली, असं होत नाही. त्यानंतर त्यांनी पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ बांधायला घेतलं, एकादशीच्या कीर्तनात उभे राहू लागले, संतांची वचनं पाठ केली. गुरूचा स्वप्नातला उपदेश येतो तो यानंतर. तोवर जमीन नांगरून झाली होती.

खरी कसोटी लागते ती कर्जखतांच्या प्रसंगात. अभंगात तो नाही, पण अठराव्या शतकातले चरित्रकार महिपती तो सांगतात. दुकान बसलं तरी लोकांकडचं येणं कागदावर शिल्लक होतं. दुष्काळ सरल्यावर ते वसूल करून पुन्हा उभं राहता आलं असतं. तुकोबांनी ती खतं इंद्रायणीत बुडवायचं ठरवलं. पण घर एकत्र होतं, तेव्हा त्या कागदांवर धाकट्या कान्होबाचाही हक्क होता. म्हणून आधी वाटणी झाली. निम्मे कागद भावाच्या हाती गेले, आपल्या वाट्याचे तेवढे तुकोबांनी पाण्यात सोडले.

ऋणको सुटले, पण निम्मेच. वैराग्याच्या भरात सगळाच गठ्ठा फेकला असता तर ते दिसायला भव्य दिसलं असतं; मात्र त्यात भावाचा घास गेला असता. पुढे एका अभंगात ते धन जोडायलाही हरकत घेत नाहीत, फक्त चोख व्यवहारानं जोडा आणि खर्च करताना त्यात अडकू नका, एवढंच सांगतात. माप आणि हिशेब ठाऊक असलेल्या माणसाचंच हे बोलणं. कान्होबानं आपल्या वाट्याच्या खतांवर वसुली करून संसार चालवावा, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.