विशेषणे खोडा, हिशेब मांडा

इस्लामपुरात मेकॅनिकलची पदविका घेतलेल्या वस्तीतल्या एका तरुणाने परवा आपला बायोडाटा वाचायला दिला. स्वतःची ओळख सांगण्याच्या पहिल्याच ओळीत इंग्रजीत लिहिले होते: 'पॅशनेट, डायनॅमिक आणि रिझल्ट-ड्रिव्हन इंजिनिअर.'

मी विचारले, "मी मरगळलेला आहे, असे कोणी लिहिते का?" तो हसला. ज्या शब्दाच्या उलट कोणीच स्वतःबद्दल लिहीत नाही, तो शब्द अर्जात काहीच सांगत नाही. अर्ज वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते.

मग एकेक शब्द धरून विचारले. 'डायनॅमिक' म्हणजे तू काय केलेस? तो म्हणाला, गळीत हंगामात साखर कारखान्यात सहा आठवडे प्रशिक्षण घेतले, चौदा पंपांच्या बिघाडांची रोज नोंद ठेवली. 'रिझल्ट' कोणता? चौघांच्या प्रकल्पात मोजमापे त्याने घेतली होती. 'पॅशनेट'ला मात्र तो अडखळला. मग हळूच म्हणाला, "दोन वर्षे भीमजयंतीचा खजिनदार होतो. दोनशे चाळीस घरांची वर्गणी, शहाऐंशी हजार रुपये. पावतीसह हिशेब सगळ्यांसमोर वाचला."

हे का लिहिले नाहीस? "जात कळते, सर."

वाचकहो, त्याचा सर्वात भक्कम पुरावा त्या पोकळ शब्दांमागे दडवला गेला होता. त्याची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. समितीचे पूर्ण नाव द्यायचे की नुसते 'सार्वजनिक उत्सव समिती' लिहायचे, हा निर्णय त्याचा. दोन्ही खरेच आहे. पण काम लपवू नये.

नवी ओळख अशी झाली: 'मेकॅनिकल पदविका. साखर कारखान्यात सहा आठवडे प्रशिक्षण. 14 पंपांच्या बिघाडांची रोजची नोंद. चौघांच्या प्रकल्पात मोजमापांची जबाबदारी. दोन वर्षे उत्सव समितीचा खजिनदार. 240 घरांची वर्गणी, 86 हजारांचा पावत्यांसह हिशेब.'

एक पथ्य मात्र पाळावे. आकडा फुगवू नये आणि चौघांचे काम एकट्याच्या नावावर घेऊ नये. मुलाखतीत कोणी विचारेल, "कोणता पंप जास्त बंद पडायचा, आणि का?" उत्तर आले नाही तर सगळीच वाक्ये खोटी ठरतात. मोठा आकडा नसेल तर किती दिवस, कोणत्या यंत्रावर, कोणते काम, एवढेही पुरते.

ज्याचा मामा कंपनीत साहेब आहे, त्याच्या विशेषणांनाही वजन येते. आपल्या पोरांच्या मागे शिफारस नसते, केलेले काम असते. बाबासाहेबांच्या नावापुढची अक्षरे आठवा: एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. त्यात विशेषण एकही नाही. प्रत्येक अक्षरामागे दिलेली परीक्षा आहे.