वहीतले आकडे आणि आपले आकडे

कॉलेजजवळच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात परीक्षेच्या आधी महिनाभर मुलं वह्या घेऊन येतात. वहीत सगळं असतं, पण सर ज्या क्रमाने बोलले त्या क्रमाने. आणि बोलणारा माणूस मागेपुढे जातोच.

परवा आलेल्या एका मुलीच्या वहीचं पान सांगते. राज्यशास्त्र, मूलभूत हक्क. पहिली ओळ ‘भाग ३, अनु. १२–३५’. खाली ‘आधी ७ आता ६’, त्याभोवती गोल. मग १४ ते १८, एका ओळीत एक. तिथून बाण थेट समासात, आणि समासात ‘३२ – आंबेडकर – आत्मा!!’. बाबासाहेबांनी अनुच्छेद ३२ ला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं, ते सरांना मध्येच आठवलं असणार. त्यानंतर गाडी परत १९ वर.

अशी वही समोर आली की आधी पेन्सिल घ्यायची, कीबोर्ड नंतर. सगळं प्रकरण एकदा सलग वाचायचं आणि प्रत्येक ओळीला विचारायचं, ही कोणाच्या पोटातली? ‘१७ अस्पृश्यता’ ही समानतेच्या पोटातली. ‘आत्मा’ ही ३२ च्या पोटातली, म्हणून ती शेवटी जाईल, वहीत ती कुठेही असो. ‘आधी ७’ ही कुठल्याच एका हक्काची नाही, ती सगळ्या प्रकरणाची ओळख आहे. मुख्य मुद्द्याला मी गोल करते, उपमुद्द्याला खाली रेघ, आणि नुसता तपशील असेल तर काहीच नाही. या पानाला एवढ्या तीन पायऱ्या पुरल्या. चौथी लागायला लागली, तर बहुतेक वेळा वरचा मुद्दाच दोन मुद्द्यांत फोडायला हवा असतो.

तिच्या प्रकरणाचा सांगाडा असा निघाला:

१. मूलभूत हक्क : ओळख
१.१ संविधानाचा भाग ३, अनुच्छेद १२ ते ३५
१.२ पूर्वी सात गट, आता सहा
– संपत्तीचा हक्क वगळला : ४४वी घटनादुरुस्ती, १९७८
– आता अनुच्छेद ३००-अ, कायदेशीर हक्क
२. हक्कांचे सहा गट
२.१ समानता (अनुच्छेद १४–१८)
२.२ स्वातंत्र्य (अनुच्छेद १९–२२)
२.३ शोषणाविरुद्ध (अनुच्छेद २३–२४)
२.४ धर्मस्वातंत्र्य (अनुच्छेद २५–२८)
२.५ सांस्कृतिक व शैक्षणिक (अनुच्छेद २९–३०)
२.६ घटनात्मक उपाय (अनुच्छेद ३२)

या सांगाड्यात दोन प्रकारचे आकडे आहेत. २.३ हा माझा आकडा. उद्या मध्ये एक मुद्दा वाढला तर तो २.४ होईल आणि कोणाचं काही बिघडणार नाही. ‘अनुच्छेद २३’ हा मात्र संविधानाचा आकडा, त्याला मी हात लावू शकत नाही. पहिला आकडा संगणकाने घालावा, दुसरा आपण हाताने टाइप करावा. हे मी एका चुकीतून शिकले.

तेव्हा मी नवीन होते. असेच मूलभूत हक्क टाइप करायचे होते. एकेका ओळीत एकेक अनुच्छेद, वहीत आकडे सरळ चढत जाणारे. मी वर्डमध्ये सगळ्या ओळी निवडल्या, आकड्यांचं बटण दाबलं आणि यादी १४ पासून सुरू करायला सांगितलं. झटक्यात काम झालं. तपासताना पहिली ओळ पाहिली, १४, कायद्यापुढे समानता, बरोबर. शेवटची पाहिली, ३२, बरोबर. प्रिंट काढून दिली.

मधलं सगळं चुकलं होतं. २१ नंतर २१-अ येतो, शिक्षणाचा हक्क. तो २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने मध्ये घातला, म्हणून त्याला स्वतःचा पूर्ण आकडा नाही. संगणकाला ते काय ठाऊक? त्याने २१-अ ला २२ म्हटलं आणि पुढचे सगळे एकेक घर सरकले. बालमजुरीवर बंदी घालणारा २४ तिथे २५ झाला, म्हणजे धर्मस्वातंत्र्याच्या जागी जाऊन बसला. मग शेवटी ३२ बरोबर कसा आला? कारण संपत्तीचा ३१ मधून गळलेला आहे. एक जास्तीचा आणि एक कमी, दोघांनी एकमेकांना झाकलं. एकोणीस ओळी, १४ ते ३२ असे एकोणीस आकडे, टोकं दोन्ही बरोबर, आणि २१-अ पासून ३० पर्यंत एकही आकडा खरा नाही. त्या मुलाने वर्गात उत्तर दिलं तेव्हा हे उघडं झालं. मला आजही त्याची चुटपुट आहे.

अनुच्छेद १९ मध्ये हाच खड्डा अक्षरांचा आहे. तिथल्या स्वातंत्र्यांना क, ख, ग, घ, ङ, च, छ अशी अक्षरं होती. संपत्तीचं ‘च’ गेलं, त्यामुळे व्यवसायाचं स्वातंत्र्य आजही ‘छ’ आहे. उरली सहाच, पण सहावं अक्षर ‘च’ नाही. म्हणून जिथे मजकुराची स्वतःची अक्षरं आहेत, तिथे मी तिसऱ्या पायरीला क, ख, ग देतच नाही, साधी आडवी रेघ देते. आणि मजकुराच्या आकड्याआधी ‘अनुच्छेद’ हा शब्द दर वेळी लिहिते, म्हणजे तो कोणाचा आकडा आहे हे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही.

आपल्या आकड्यांसाठी वर्डमध्ये पद्धत सोपी आहे. आधी आकडे न घालता मजकूर टाइप करायचा. मुख्य मुद्द्याला Heading 1, उपमुद्द्याला Heading 2 लावायचं. मग Home मधल्या Multilevel List मध्ये जाऊन, ज्या नमुन्यात आकड्यांपुढे Heading 1, Heading 2 असं लिहिलेलं दिसतं तोच निवडायचा. बाकीचे नमुने दिसायला तसेच असतात, पण ते शीर्षकांना बांधलेले नसतात आणि दहाव्या पानावर यादी पुन्हा १ पासून सुरू होते. बांधलेला नमुना असेल तर मुद्दा उचलून वर नेला की आकडे आपोआप बदलतात. हाताने २.१, २.२ टाइप करणाऱ्याला एका बदलासाठी खालचे सगळे खोडावे लागतात, आणि एखादा राहतोच.

टाइप झालं की View मधलं Navigation Pane उघडते. डावीकडे नुसती शीर्षकं दिसतात. तिथे २.१ आहे आणि २.२ नाहीच असं दिसलं, तर मी वही परत उघडते. एकट्या उपमुद्द्याचा जोडीदार वहीत कुठेतरी सुटलेला असतो, नाहीतर तो उपमुद्दा नसून शीर्षकच असतो. सहा गटांच्या रांगेत मध्येच ‘बाबासाहेबांचं मत’ दिसलं, तर तेही चुकलेलं. ते गट नाही, ३२ खालचा तपशील आहे.

या मुलीच्या वहीत ३२ खाली ‘५ रिट’ असं लिहिलेलं होतं. बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, अधिकारपृच्छा, उत्प्रेषण, एवढे चार नीट वाचता आले. पाचव्यावर शाई पसरली होती, ‘प्र’ एवढंच कळत होतं. मला अंदाज होता, पण दुसऱ्याच्या नोट्समध्ये मी अंदाज घालत नाही. रेघ घालून तिथे चौकटी कंसात लिहिलं : [वही पान २७, खालून तिसरी ओळ, शब्द लागत नाही].

ती दुसऱ्या दिवशी प्रिंट न्यायला आली, कंस पाहिला, मैत्रिणीला फोन लावला आणि उभ्याउभ्याच पेनने लिहिलं, प्रतिषेध.