तास फसल्यानंतरची बोलणी

जिल्हा परिषद शाळेतला पाचवीचा अपूर्णांकांचा तास. नव्या शिक्षणसेवकांनी फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून विचारलं, ‘मोठा कोणता?’ वर्ग एका सुरात म्हणाला, ‘एक चतुर्थांश!’ चार तीनपेक्षा मोठे, हा मुलांचा हिशेब. सरांनी लगेच बरोबर उत्तर सांगितलं आणि नियम वहीत उतरवून दिला.

मधल्या सुट्टीत केंद्रप्रमुख मॅडम रिकाम्या वर्गात त्यांच्या शेजारच्या बाकावर बसल्या. शेरा देण्याआधी त्यांनी विचारलं, ‘सर, मुलं चार का म्हणाली असतील?’

‘लक्ष नव्हतं, मॅडम.’

मॅडमनी वहीतली नोंद दाखवली. ‘मागच्या बाकावरची मुलगी बोटानं भाकरीचे तुकडे पाडत होती. ती उत्तराच्या जवळ होती. प्रश्नानंतर तुम्ही जेमतेम सेकंदभर थांबलात.’

‘पोर्शन मागे पडतो, मॅडम.’

‘पडेल थोडा. उद्या एवढंच करू या. दोन सारख्या कागदी पट्ट्या, एकीचे तीन भाग, दुसरीचे चार. एकेक भाग शेजारी ठेवायचा आणि विचारून गप्प राहायचं. मनात तीन अंक मोजा. गुरुवारी मी पुन्हा मागे बसते.’

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात हेच दाखवलं होतं: शिक्षक तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलतात.

मॅडमच्या वहीत आणखी उणिवा होत्या. फळ्यावरचं अक्षर, गृहपाठ. त्या दिवशी त्यांनी त्या काढल्या नाहीत, आणि माझ्या मते तेच योग्य होतं. दहा सूचना ऐकलेला नवा शिक्षक एकही धड अमलात आणू शकत नाही.