टीव्हीच्या कडेला कापले जाणारे गेमचे मेन्यू

कन्सोल टीव्हीला जोडला की कधी मेन्यूतल्या ओळींची पहिली अक्षरे दिसत नाहीत, कधी तळाशी असलेली बटणांची चिन्हे अर्धीच दिसतात, तर कधी कोपऱ्यातल्या नकाशाची कड उडालेली असते. बहुतेक वेळा याचे कारण एकच असते. कन्सोलने पाठवलेले चित्र टीव्ही जरासे मोठे करून दाखवतो आणि मोठे झालेले काठ पडद्याबाहेर जातात. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. गेममध्ये दोष नसतो, कन्सोल बिघडलेला नसतो आणि केबल बदलूनही काही फरक पडत नाही.

ही सवय काचेच्या नळीच्या टीव्हीपासून चालत आली आहे. त्या टीव्हीत चित्राचा आकार विजेचा दाब, तापमान आणि नळीचे वय यांनुसार कमी-जास्त होत असे. चित्र आकसून कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून कारखान्यातच ते काचेपेक्षा थोडे मोठे ठेवले जाई. चित्राची कड चौकटीआड जाणार हे प्रसारण करणाऱ्यांना ठाऊक असल्यामुळे महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्के भागात आणि अक्षरे मधल्या ८० टक्के भागात ठेवण्याची रीत पडली. सेफ एरिया, म्हणजे सुरक्षित क्षेत्र, ही कल्पना तिथली. एचडी आल्यावर अक्षरांची ही मर्यादा सैल होऊन ९० टक्क्यांवर आली. आजच्या एलसीडी किंवा ओएलईडी पडद्यावर प्रत्येक ठिपक्याची जागा पक्की असते, त्यामुळे ओव्हरस्कॅनची गरज उरलेली नाही. तरीही प्रसारणातल्या चित्राच्या कडा कधी अस्वच्छ येतात, म्हणून अनेक टीव्ही अजूनही तो आपणहून चालू ठेवतात आणि कन्सोलचे स्वच्छ चित्रही त्याच कात्रीत सापडते.

नुकसान किती होते, हे आकड्यांत पाहता येते. कन्सोल १९२० × १०८० ठिपक्यांचे चित्र पाठवत आहे आणि टीव्ही प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापत आहे, असे धरू. डावीकडचे ४८, उजवीकडचे ४८, वरचे २७ आणि खालचे २७ ठिपके गेले. उरलेले १८२४ × १०२६ ठिपके ताणून पुन्हा पूर्ण पडद्यावर पसरवले जातात. म्हणजे कड तर जातेच, शिवाय ताणल्यामुळे उरलेले चित्रही किंचित पुसट होते. बारीक अक्षरांच्या कडा मऊ दिसू लागतात. मेन्यू कापला गेला नाही म्हणून ओव्हरस्कॅन नाही, असे त्यामुळे धरून चालत नाही. अनेक गेमचे मेन्यू कडेपासून बरेच आत मांडलेले असतात, आणि मग फक्त पुसटपणा उरतो, ज्याचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी कात्री कुठे चालते आहे ते ठरवावे. सर्वांत खात्रीची परीक्षा स्क्रीनशॉटची आहे. मेन्यू कापलेला दिसत असतानाच कन्सोलवर स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो फोनवर पाहावा. हे चित्र टीव्हीकडे जाण्याआधी कन्सोलच्या आतच टिपले जाते. त्यात मेन्यू पूर्ण दिसला तर कापणारा टीव्ही आहे. त्यातही मेन्यू तुटलेला असेल तर गेमची स्वतःची मांडणी चुकते आहे, मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये कितीही शोधले तरी उपयोग होणार नाही. कन्सोलच्या मुख्य पानाकडे पाहून निष्कर्ष काढणे मात्र फसवे ठरते, कारण ते पान मुद्दामच कडेपासून आत आखलेले असते आणि कापणाऱ्या टीव्हीवरही व्यवस्थित दिसते.

दोष टीव्हीचा निघाला तर दुरुस्तीही टीव्हीतच सुरू करावी. प्रथम चित्राचा आकार १६:९ वर आहे ना ते पाहावे. अनेक घरांत जुन्या ४:३ चॅनेलच्या काळ्या पट्ट्या घालवण्यासाठी कोणीतरी झूम लावलेला असतो आणि तो तसाच राहून जातो. त्यानंतर ओव्हरस्कॅन बंद करणारे सेटिंग शोधावे. अडचण अशी की प्रत्येक कंपनीने त्याला वेगळे नाव दिले आहे आणि बहुतेक नावांवरून त्याचे काम कळत नाही. सॅमसंगच्या टीव्हीवर चित्राच्या आकाराच्या पानावर Fit to Screen असते, ते चालू करायचे. एलजीवर Just Scan चालू करायचे. सोनीवर Display area मध्ये Full pixel निवडायचे. काही फिलिप्स टीव्हींवर Unscaled हा आकार असतो. पॅनासोनिकच्या अनेक टीव्हींवर 16:9 Overscan असे सरळ नाव आहे, ते बंद करायचे. यांपैकी काहीच सापडले नाही तर त्या एचडीएमआय जोडणीचे नाव किंवा चिन्ह बदलून PC करून पाहावे. अनेक टीव्ही संगणकाचे चित्र न कापता दाखवतात. तसे केल्यावर चित्राची इतर काही सेटिंग बंद झाली तर मात्र PC ठेवायचे की नाही याचा पुन्हा विचार करावा.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. ही निवड बहुतेक टीव्हींवर प्रत्येक जोडणीसाठी वेगळी साठवली जाते, आणि काही टीव्हींवर चित्राच्या प्रकारानुसारही. सेट-टॉप बॉक्सच्या चॅनेलवर असताना सेटिंग बदलले तर कन्सोलच्या चित्रावर परिणाम होत नाही. म्हणून कन्सोल चालू ठेवून, त्याचे चित्र समोर असतानाच हे काम करावे. कन्सोल मध्येच ४के वरून १०८० वर गेला आणि कड पुन्हा कापली जाऊ लागली, तर त्या स्थितीत सेटिंग पुन्हा एकदा तपासावे.

टीव्ही नीट झाल्यावरच कन्सोलकडे वळावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. टीव्ही कापत असतानाच कन्सोलवर चित्र लहान केले तर अक्षरे आत येतात आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण चित्र एकदा कन्सोलने आकसवलेले आणि नंतर टीव्हीने पुन्हा ताणलेले असते. दोन्ही वेळा ठिपक्यांची सरमिसळ होते. निन्टेन्डो स्विचवर Adjust Screen Size हे सेटिंग नेमके असेच संपूर्ण चित्र लहान करते, म्हणून टीव्हीचा ओव्हरस्कॅन बंद झाला असेल तर ते १०० टक्क्यांवरच ठेवावे. प्लेस्टेशन ५ वर Settings मध्ये Screen and Video, मग Screen, मग Adjust Display Area असा रस्ता आहे. तिथे चौकटीच्या खुणा पडद्याच्या टोकापर्यंत नेता येतात. प्लेस्टेशन ४ वर हेच सेटिंग Sound and Screen मध्ये Display Area Settings या नावाने आहे. प्लेस्टेशनवर ही हद्द म्हणजे मुख्यतः गेमला दिलेली सूचना असते : मेन्यू आणि चिन्हे या रेषेच्या आत मांडा. ती पाळायची की नाही हे गेम बनवणाऱ्यांच्या हाती राहते. एक्सबॉक्सवर TV & display options मध्ये Calibrate TV हे पान आहे. त्यावर कडेच्या खुणा टोकापर्यंत पूर्ण दिसतात का ते पाहता येते, आणि नसतील तर टीव्हीचे सेटिंग अजून अपुरे आहे असे समजावे.

एवढे झाल्यावर उरतो तो खुद्द गेम. जीटीए ५ च्या Display पानावर Safezone Size नावाची पट्टी आहे. अडीच टक्के कापणाऱ्या ४३ इंची टीव्हीचेच उदाहरण घेऊ. अशा टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते, म्हणजे डावीकडची सुमारे २.४ सेंटिमीटरची पट्टी दिसत नाही. Safezone Size सर्वांत मोठे असेल तर डाव्या तळाचा नकाशा कडेला लागतो आणि त्याची बाजू या पट्टीत जाते. पट्टी कमी करत नेली की नकाशा आत सरकतो. रस्ते, गाड्या, माणसे मात्र जिथे होती तिथेच राहतात, कारण इथे फक्त चिन्हांची जागा बदलते आणि चित्र लहान होत नाही. टीव्हीत ओव्हरस्कॅन बंद करायची सोयच नसेल, तेव्हा हा उपाय संपूर्ण चित्र आकसवण्यापेक्षा खूप चांगला. टीव्ही दुरुस्त झाल्यावर मात्र ही पट्टी पुन्हा वाढवावी, नाहीतर नकाशा विनाकारण पडद्याच्या मध्याकडे रेंगाळतो.

सेफ एरिया जागा ठरवते, तर इंटरफेस स्केल आकार ठरवतो. फोर्टनाइटमध्ये HUD Scale आणि माइनक्राफ्टमध्ये GUI Scale Modifier ही याचीच नावे. मेन्यू कापला गेला म्हणून स्केल कमी करणे हा चुकीचा उपचार आहे, कारण कडेची अक्षरे कडेलाच राहतात, फक्त बारीक होतात. स्केलचा खरा दोष वेगळा दिसतो. आकार फार वाढवला की मजकूर चौकटीत मावत नाही आणि पडद्याच्या मधोमध, काठापासून दूर, एखादे वाक्य अर्ध्यात तुटते किंवा यादीतली शेवटची ओळ गडप होते. तुटलेली जागा काचेच्या कडेला आहे की चौकटीच्या आत, एवढे पाहिले तरी कोणती पट्टी हलवायची ते कळते.

अक्षरे किती मोठी असावीत यासाठी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या गेमकर्त्यांना दिलेले मोजमाप उपयोगी आहे : १०८० च्या चित्रात अक्षरांची उंची किमान २६ ठिपके आणि ४के मध्ये ५२. ४३ इंची पडद्यावर २६ ठिपके म्हणजे जवळपास १३ मिलिमीटर, तर ३२ इंची पडद्यावर साडेनऊच्या आसपास. तेच गेम, तेच सेटिंग, पण लहान टीव्ही भिंतीवर दूर लावलेला असेल तर वाचताना डोळे ताणावे लागतात. २००६ साली एक्सबॉक्स ३६० वर आलेल्या डेड रायझिंग या गेमची अक्षरे एचडी पडद्यासाठी मांडलेली होती, आणि त्या वेळी घरोघरी असलेल्या जुन्या टीव्हींवर ती वाचताच येत नाहीत अशा तक्रारी झाल्या. आज निदान बऱ्याच गेममध्ये अक्षरांचा आकार वाढवता येतो. काठ नीट दिसू लागल्यावर, नेहमीच्या जागी बसून, सर्वांत लांबलचक मजकुराचे पान उघडून तो वाढवावा. जिथे शब्द चौकटीबाहेर जाऊ लागतील, त्याच्या एक पायरी अलीकडे थांबावे.

काही मर्यादा मात्र राहतातच. जुन्या गेममध्ये सेफ एरिया किंवा स्केल यांपैकी काहीच बदलता येत नाही. मध्ये साउंडबार किंवा एचडीएमआय स्विच असेल आणि टीव्ही नीट लावूनही कड कापली जात असेल, तर कन्सोल थेट टीव्हीला जोडून पाहावा. मधले उपकरण चित्राचा आकार बदलत असेल तर ते तेवढ्यात उघड होते. आणि ज्या टीव्हीत ओव्हरस्कॅन बंद होत नाही, ज्या गेममध्ये पट्टी नाही, तिथेच फक्त स्विचसारख्या कन्सोलवर संपूर्ण चित्र लहान करावे. तेही एकेका टक्क्याने, कडेच्या खुणा जेमतेम दिसू लागेपर्यंत.